प्रिंट दाबलं तरी काहीच होत नाही: हॉल तिकीट आणि पावतीची अडलेली खिडकी कशी उघडायची

भांडुप स्टेशनजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. फॉर्म भरणं, प्रिंट काढणं, लॅमिनेशन, हेच दिवसभर चालू असतं. परीक्षांच्या दिवसांत रात्री दहाच्या सुमाराला, शटर अर्धं खाली आलेलं असताना कोणीतरी हमखास वाकून आत बघतं. "दादा, हॉल तिकीट निघत नाहीये. उद्या पेपर आहे."

मागच्या एका रात्री असाच एक मुलगा आला. सकाळी पहिल्या गाडीने त्याला नवी मुंबईतल्या केंद्रावर पोचायचं होतं. घरी चुलतभावाच्या लॅपटॉपवर तो तासभर `Print` दाबत बसला होता. बटण दाबलं की क्षणभर काहीतरी हलल्यासारखं व्हायचं आणि पान होतं तसंच. साइट बंद पडली असं समजून तो शेवटी दुकानात आला. मी त्याला माझ्या लॅपटॉपवर लॉगिन करायला लावलं, बटण दाबायला सांगितलं, आणि तिथेही तसंच झालं. फरक एवढाच की मी पानाकडे बघत नव्हतो. माझी नजर वर, अ‍ॅड्रेस बारच्या उजव्या टोकाला होती. तिथे छोट्या खिडकीचं एक चिन्ह उमटलं होतं, त्यावर फुली. साइट व्यवस्थित चालू होती. तिने उघडलेली प्रिंटची खिडकी ब्राउझरने अडवली होती.

पुढच्या दोन मिनिटांत तिकीट हातात आलं. पण ती दोन मिनिटं नेमकी कशी वापरायची हे माहीत नसेल तर माणूस अख्खी रात्र घालवतो, आणि पैसे भरण्याच्या पानावर असेल तर दोनदा पैसेही भरून बसतो. म्हणून हे सगळं नीट लिहितो आहे.

खिडकी अडते का

बऱ्याच सरकारी साइटवर हॉल तिकीट ही तयार फाइल नसते. तुम्ही बटण दाबलं की साइट तुमची माहिती सर्व्हरवरून आणते, एक नवी छोटी खिडकी उघडते, त्यात तिकीट लिहिते आणि त्या खिडकीला छापायला सांगते. आतला कोड साधारण असा असतो:

```
var w = window.open('', 'PRINT', 'width=800,height=600');
w.document.write(html);
w.document.close();
w.print();
```

आता ब्राउझरचा नियम असा की नवी खिडकी माणसाने क्लिक केल्यामुळेच उघडली पाहिजे. जाहिरातींच्या खिडक्या आपोआप उघडत राहू नयेत म्हणून हा नियम आहे. आणि क्लिकची मुदत फार थोडी असते. क्रोममध्ये ती साधारण 5 सेकंद धरली जाते, फायरफॉक्समध्येही मूळ सेटिंग तेवढीच आहे. क्लिक केल्यावर सर्व्हरने माहिती द्यायला आठ-दहा सेकंद लावले, तर खिडकी उघडायची वेळ येईपर्यंत तुमचा क्लिक शिळा झालेला असतो. ब्राउझरच्या लेखी ही खिडकी आता कोणी न मागता उघडते आहे, म्हणून तो ती अडवतो.

एकच साइट पहाटे सुरळीत छापते आणि तिकिटं जाहीर झाल्याच्या संध्याकाळी छापत नाही, यामागे बऱ्याचदा हेच असतं. संध्याकाळी गर्दी असते, उत्तर उशिरा येतं. "काल मैत्रिणीचं निघालं, माझंच का निघत नाही" असं विचारणाऱ्या मुलींना मी हेच सांगतो. तुमच्या अर्जात काही खोट नाही.

दुसरी गोष्ट, एका क्लिकवर एकच खिडकी मिळते. साइट हॉल तिकीट एका खिडकीत आणि सूचनांचं पान दुसऱ्या खिडकीत उघडत असेल, तर पहिली येते आणि दुसरी अडते. तिकीट मिळालं म्हणून माणूस खुश होऊन निघून जातो आणि सूचना घरी न येताच राहतात. म्हणून तिकीट आलं तरी मूळ पानावर परत येऊन ते फुलीचं चिन्ह दिसतंय का बघा.

कॉम्प्युटरवर काय करायचं

क्रोम किंवा एज उघडा, लॉगिन करा आणि प्रिंटचं बटण एकदाच दाबा. मग दहा-पंधरा सेकंद थांबा. लागोपाठ दाबत राहिलं तर काही साइट सेशन संपवून टाकतात आणि पुन्हा लॉगिन, पुन्हा कॅप्चा. थांबलात की अ‍ॅड्रेस बारच्या उजव्या टोकाला चिन्ह येतं. त्यावर क्लिक केलं की एक छोटी चौकट उघडते.

या चौकटीत लोक सर्वात जास्त फसतात. तिथे अडवलेल्या खिडकीची लिंक दिसते. साहजिकच आपण त्या लिंकवर क्लिक करतो. पुष्कळदा ती लिंक `about:blank` अशी असते आणि क्लिक केलं की कोरं पांढरं पान उघडतं. मग माणूस म्हणतो, तिकीटच कोरं आलं. खरं काय झालेलं असतं ते वरच्या कोडवरून समजेल. पहिली ओळ खिडकी उघडते आणि दुसरी तिच्यात तिकीट लिहिते. खिडकी अडली तेव्हाच दुसरी ओळ कोसळली. आता लिंकवरून रिकामी खिडकी उघडली तरी तिच्यात लिहिणारं कोणी उरलेलं नाही. ती पुन्हा पुन्हा उघडून उपयोग नाही.

म्हणून लिंक सोडून द्या. त्याच चौकटीत खाली `Always allow pop-ups and redirects from` असं लिहिलेला पर्याय असतो आणि त्यापुढे त्या साइटचा पत्ता. तो निवडण्याआधी पत्ता वाचा. शेवटी `.gov.in` किंवा `.nic.in` आहे का, मधे एखादं अक्षर जास्तीचं नाही ना, हे बघायला पाच सेकंद लागतात. काही भरत्या खासगी कंपन्यांच्या साइटवरून चालतात आणि तिथे शेवट वेगळा असतो. तेव्हा जाहिरातीच्या मूळ पीडीएफमध्ये छापलेला पत्ता आणि हा पत्ता जुळवून घ्या. पटलं की पर्याय निवडा, `Done` दाबा आणि मूळ पानावरचं प्रिंटचं बटण पुन्हा नव्याने दाबा. आता कोड पहिल्या ओळीपासून चालतो आणि भरलेली खिडकी येते. त्या मुलाचं तिकीट असंच निघालं. आदल्या तासाभरात त्याने एवढंच केलं नव्हतं, कारण वर चिन्ह येतं आणि परवानगीनंतर बटण पुन्हा दाबायचं असतं हे कोणी सांगितलेलं नसतं.

फायरफॉक्समध्ये चिन्हाऐवजी पानाच्या वर एक पट्टी येते, खिडकी अडवली असं सांगणारी. पट्टीच्या उजवीकडच्या बटणात त्या साइटला परवानगी देण्याचा पर्याय मिळतो. पुढची कृती तीच.

कधी कधी परवानगी देऊनही खिडकी अडतेच. अशा वेळी पत्ता बारकाईने बघा. लॉगिन `www` असलेल्या पत्त्यावर झालं आणि प्रिंटचं पान `www` नसलेल्या किंवा दुसऱ्याच उपपत्त्यावर उघडलं, तर दिलेली परवानगी त्या पानाला लागू होत नाही. यासाठी अ‍ॅड्रेस बारमध्ये हे टाइप करा:

```
chrome://settings/content/popups
```

एजमध्ये `chrome` च्या जागी `edge`. तिथे परवानगी असलेल्या साइटच्या यादीपुढे `Add` बटण असतं. साइटचा पत्ता समजा example.gov.in असेल, तर असं लिहा:

```
[*.]example.gov.in
```

सुरुवातीच्या चौकटी कंसामुळे त्या साइटचे सगळे उपपत्ते यात येतात. याच पानावर वर सगळ्याच साइटना खिडक्या उघडू देण्याचा पर्याय आहे. काम पटकन होतं म्हणून तो चालू करून ठेवणारे मी पाहिले आहेत, आणि आठवड्याने "कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा" अशा खिडक्यांनी हैराण होऊन तेच लोक परत आलेले पाहिले आहेत. एका साइटला परवानगी द्या, सगळ्यांना नको.

एवढं करूनही चिन्हच येत नसेल आणि खिडकीही येत नसेल, तर अडवणारा ब्राउझर नसून त्यात टाकलेलं एखादं अ‍ॅड-ब्लॉकर एक्स्टेन्शन असू शकतं. `Ctrl+Shift+N` दाबून इन्कॉग्निटो विंडो उघडा आणि तिथे लॉगिन करा. तिथे एक्स्टेन्शन सहसा बंद असतात. तिथे चिन्ह दिसलं किंवा प्रिंट निघाली तर दोष एक्स्टेन्शनचा हे नक्की झालं.

खिडकी उघडली, पण फोटो नाही

खिडकी उघडली की लगेच प्रिंटचा डायलॉग येतो आणि घाईत आपण `Print` दाबतो. कागद बाहेर येतो तेव्हा फोटोच्या जागी रिकामी चौकट. परीक्षा केंद्रावर फोटो आणि सही बघतात, त्यामुळे असा कागद पुन्हा काढावाच लागतो. कोडने तिकीट लिहिल्याबरोबर छपाई सुरू केली आणि फोटो तोवर सर्व्हरवरून यायचाच होता, म्हणून हे होतं.

उपाय असा की डायलॉग आला की त्यातल्या प्रिव्ह्यूकडे बघायचं. फोटो, सही आणि बारकोड तिन्ही दिसत नसतील तर `Cancel`. मागची खिडकी उघडी राहिली असेल तर फोटो येईपर्यंत थांबा आणि त्याच खिडकीत `Ctrl+P` दाबा. त्या छोट्या खिडकीला मेनू नसतो, पण हा शॉर्टकट तिथे चालतो. काही साइटवर `Cancel` केलं की खिडकीच बंद होते. तेव्हा मूळ पानावरून बटण पुन्हा दाबा. फोटो एकदा ब्राउझरकडे आलेला असला तर दुसऱ्या खेपेला तो बहुधा लगेच दिसतो.

थेट कागदावर छापण्याआधी `Destination` मध्ये `Save as PDF` निवडून फाइल करून घ्या. प्रिंटरमध्ये कागद अडकला, शाई संपली, वीज गेली, तरी पुन्हा लॉगिन करावं लागत नाही. फाइल करतानाच `More settings` मध्ये कागद `A4` आहे का बघा. पुष्कळ लॅपटॉपवर तिथे `Letter` असतं. तो कागद A4 पेक्षा 6 मिलिमीटर रुंद असतो, त्यामुळे मूळ मापात छापलं की उजवीकडची चौकटीची रेघ किंवा बारकोडचं टोक कापलं जातं. तिथेच `Background graphics` वर टिक करा, नाहीतर रंगीत पट्ट्यांवरची पांढरी अक्षरं कागदावर नाहीशी होतात. फाइलमध्ये मराठी नीट दिसतं पण कागदावर चौकोन येतात असं झालं, तर अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये प्रिंटच्या `Advanced` मध्ये जाऊन `Print As Image` निवडा.

स्क्रीनशॉट काढून छापू नका. बारकोडच्या रेघा फिसकटतात.

पावतीच्या बाबतीत एक बटण दाबायचं नाही

हॉल तिकिटाची खिडकी अडली तर वेळ जातो, पावतीची अडली तर पैसे जाऊ शकतात. म्हणून ही गोष्ट वेगळी सांगतो.

पैसे भरले की बँकेच्या पानावरून तुम्ही आपोआप सरकारी साइटवर परत येता आणि साइट पावतीची खिडकी उघडायला बघते. इथे तुम्ही कशावर क्लिक केलेलंच नसतं, म्हणून ब्राउझर ती जवळपास नेहमीच अडवतो. समोर अर्धवट पान, पावती नाही, आणि मोबाइलवर खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज आलेला. पुढचा मोह रिफ्रेशचा.

एका काकूंचं उदाहरण सांगतो. मुलीच्या परीक्षेची फी त्या स्वतःच्या फोनवरून यूपीआयने भरत होत्या, आणि फॉर्म माझ्या काउंटरवरच्या लॅपटॉपवर उघडा होता. पैसे कापले गेले, पावती आली नाही. त्यांचा हात `F5` कडे गेला आणि `Confirm Form Resubmission` अशी चौकट आली. मी त्यांना थांबवलं. `Continue` दाबलं असतं तर मागच्या पानाची माहिती साइटकडे दुसऱ्यांदा गेली असती. नीट बांधलेली साइट ती नाकारते, पण नीट बांधलेली आहे की नाही हे आपल्या पैशांवर तपासायचं नसतं. आम्ही `Cancel` दाबलं.

मग क्रमाने हे केलं. आधी त्यांच्या यूपीआय अ‍ॅपमधला व्यवहार उघडला आणि 12 अंकी व्यवहार क्रमांक, रक्कम आणि वेळ कागदावर लिहून घेतली. नंतर अ‍ॅड्रेस बारमधल्या फुलीच्या चिन्हावरून साइटला परवानगी दिली. ते पान तसंच सोडून नव्या टॅबमध्ये साइटचं मुखपृष्ठ उघडलं, लॉगिन केलं आणि अर्जाच्या यादीत गेलो. अर्जासमोर भरणा झाल्याचं दिसत होतं आणि बाजूला पावती छापण्याचं बटण होतं. आता खिडकी आमच्या क्लिकने उघडत होती आणि परवानगीही होती. पावती आली. त्यावरची रक्कम आणि वेळ त्यांच्या फोनशी जुळवली आणि मगच जुना टॅब बंद केला.

अर्जासमोर भरणा बाकी दिसला असता, तर आम्ही दुसऱ्यांदा पैसे भरले नसते. बँक आणि साइट यांचा हिशेब जुळायला कधी कधी वेळ लागतो. पुष्कळ साइटवर भरण्याची स्थिती तपासण्याचं वेगळं बटण असतं, आधी ते दाबायचं. शेवटची तारीख अगदी जवळ असेल तर लिहून घेतलेला क्रमांक घेऊन मदत केंद्राला मेल करायचा आणि त्यात तो क्रमांक, रक्कम, वेळ आणि अर्ज क्रमांक द्यायचा. नुसतं "पैसे कापले गेले" एवढं लिहिलं तर त्यांना शोधता येत नाही.

राज्य सरकारच्या ज्या रकमा ग्रास प्रणालीतून भरल्या जातात, त्यांना MH ने सुरू होणारा जीआरएन क्रमांक मिळतो. चलनाची खिडकी अडली तरी तो क्रमांक हाती असेल तर `gras.mahakosh.gov.in` वर चलन पुन्हा शोधता येतं. म्हणून बँकेच्या पानावर जाण्याआधी स्क्रीनवर जीआरएन दिसला की लगेच फोटो काढून ठेवा.

फक्त फोन असेल तर

आजकाल बहुतेक मुलं लोकलमधून उतरता उतरता फोनवरच तिकीट काढायला बघतात. लिंक टेलिग्रामच्या ग्रुपवर आलेली असते आणि त्यावर बोट ठेवलं की साइट टेलिग्रामच्याच आत उघडते. अ‍ॅपच्या आत उघडलेल्या अशा पानांवर प्रिंटची आज्ञा बहुधा चालतच नाही, आणि खिडकी अडल्याची सूचनाही येत नाही. पत्ता कॉपी करा आणि क्रोममध्ये उघडा.

अँड्रॉइडच्या क्रोममध्ये खिडकी अडली की स्क्रीनवर छोटी सूचना येते आणि त्यातच परवानगीचं बटण असतं. ती काही सेकंदांत निघून जाते. हुकली तर तीन ठिपके, `Settings`, `Site settings`, `Pop-ups and redirects` या वाटेने जा. फोनवर हे सगळ्या साइटसाठी चालू होतं, त्यामुळे काम झालं की आठवणीने बंद करा. तिकीट उघडलं की तीन ठिपके, `Share`, मग `Print` आणि वर प्रिंटरच्या जागी `Save as PDF`. आयफोनवर सेटिंग्जमध्ये सफारीच्या पानावर `Block Pop-ups` असतं, ते तेवढ्यापुरतं बंद करून साइट पुन्हा उघडा.

मग ती पीडीएफ दुकानात आणा. माझ्यासारख्या दुकानात लॉगिन करायची वेळ आलीच, तर इन्कॉग्निटो विंडो मागा. तिथे दिलेली परवानगी आणि लॉगिन विंडो बंद केल्यावर पुसलं जातं. सेव्ह केलेली पीडीएफ मात्र पुसली जात नाही, ती `Downloads` फोल्डरमध्येच पडून राहते. तिच्यावर तुमचा फोटो, सही, जन्मतारीख आणि पत्ता असतो. प्रिंट हातात आली की दुकानदाराला ती फाइल तुमच्या समोर डिलीट करायला सांगा आणि रीसायकल बिनमधूनही काढायला लावा. मी स्वतः विचारतो, पण विचारायला संकोच वाटून घेऊ नका.